कमोड तुंबलाय? पंप आणि ऑगर वापरताना भांड्याला ओरखडा नको, तडा नको

नमस्कार मंडळी. आमचं इंदूरमध्ये प्लंबिंगच्या सामानाचं छोटं दुकान आहे आणि मिस्त्रीपण आम्हीच पाठवतो. दुकानातून रबरी पंप किंवा हुकाच्या तारेचा ऑगर नेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आम्ही हा कागद देतो, कारण तुंबलेला कमोड बऱ्याचदा घरच्या घरी मोकळा होतो पण त्या नादात सळई घालून भांडं खरवडलं जातं नाहीतर जोर लावून तडकतं, आणि मग साधं तुंबणं राहतं बाजूला, भांडं काढा, सिमेंट फोडा, नवीन बसवा, असं सगळं मागे लागतं. कृपया हात लावायच्या आधी एकदा पूर्ण वाचा.

सगळ्यात आधी

दुसऱ्यांदा फ्लश करू नका. पाणी वर चढलेलं दिसलं की टाकीखालचा अँगल कॉक बंद करा, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी टाकीत असलेल्याच्या वर पाणी येणार नाही. मग दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघा. पाणी हळूहळू उतरतंय का जिथल्या तिथे उभं आहे? उतरत असेल तर वाट अर्धवट बंद आहे, उभं असेल तर पूर्ण.

त्याच वेळी बाथरूमच्या जाळीकडेही लक्ष द्या. कमोडमधलं पाणी हलवलं की तिथे बुडबुडे येतात किंवा घाण पाणी वर येतं, असं असेल तर अडकलंय ते कमोडमध्ये नाही, पुढच्या लाईनीत किंवा चेंबरमध्ये आहे. तिथे पंप मारून काही होत नाही, उलट तेच पाणी जाळीतून बाथरूमभर होतं. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी तर हे आधी बघावंच, कारण वरच्या मजल्यांचं पाणी त्यांच्याकडेच बाहेर पडतं. अशा वेळी चेंबर उघडायला मिस्त्री बोलवा.

आत काय गेलंय?

यावरच सगळं ठरतं म्हणून घरात सगळ्यांना नीट विचारा, लहान मुलांना रागावून नको, रागावलं की ती सांगत नाहीत.

कागद, जास्त झालेली घाण, असलं मऊ काही असेल तर पंप. टूथब्रश, कंगवा, साबणाची डबी, खेळणं, टॉयलेटमध्ये लटकवायच्या वडीचा प्लास्टिकचा पिंजरा, असलं कडक काही असेल तर पंप अजिबात नको, सरळ ऑगर. पंपाचा धक्का कडक वस्तूला ट्रॅपच्या, म्हणजे भांड्यातल्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या वाटेच्या, वळणात अजून आत ठोकून बसवतो, आणि मग ती ओढूनही निघत नाही. पॅड, डायपर, ओले वाइप्स हे मऊ वाटतात पण त्यांनाही ऑगरच, कारण ते विरघळत नाहीत आणि पॅडमधली जेल तर पाणी पिऊन फुगत जाते, म्हणून "रात्रभर राहू दे, सकाळी बघू" असं त्यांच्या बाबतीत करू नका.

सुदामा नगरातल्या एका घरचं सांगतो, म्हणजे हे कसं ओळखायचं ते कळेल. काकूंनी फोनवर सांगितलं की दादा, पंप मारला की मोकळं होतं, संध्याकाळपर्यंत परत तुंबतं. लघवीचं पाणी जातं, कागद टाकला की अडतो. नुसता कागद अडला असता तर एकदा मोकळं झाल्यावर विषय संपला असता, परत परत तिथेच अडतंय म्हणजे आत कायमचं काहीतरी आडवं बसलंय, त्याच्या बाजूने पाणी निघून जातं आणि कागद त्याला गुंडाळतो. आमच्या मिस्त्रीने विचारलं की वडीचा पिंजरा कुठे आहे? काकू म्हणाल्या, "अहो तो तर मागच्या आठवड्यापासून दिसतच नाहीये." पंप बंद करायला सांगितलं, ऑगर घातला, वळण चढल्या चढल्या तार अडखळली आणि पिंजरा हुकात अडकून बाहेर आला, त्याच्याभोवती कागदाचा लगदा. पंप मारत राहिले असते तर तोच पिंजरा पुढे आउटलेटच्या पाईपच्या जोडावर जाऊन बसला असता आणि भांडं उचलावं लागलं असतं.

पंप मारायची पद्धत

पंप दोन तऱ्हेचे मिळतात. नुसती वाटी असलेला सिंकसाठी असतो. कमोडसाठी वाटीच्या आतून रबराची गळपट्टी बाहेर निघालेला घ्या, ती गळपट्टी भोकात बसते आणि हवा सुटत नाही. कडक प्लास्टिकचा घड्या असलेला पंप जोर खूप देतो पण त्याची कड टणक असते, म्हणून आम्ही घरगुती वापराला रबरीच देतो. थंडीत रबर कडक झालं असेल तर पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, आणि कडेला थोडं व्हॅसलिन लावलं तर पकड छान येते.

भांड्यात वाटी बुडेल एवढं पाणी हवं, कमी असेल तर मगाने घाला, जास्त असेल तर मगाने काढा. पंप तिरका करून पाण्यात उतरवा म्हणजे आतली हवा निघून जाते, मग भोकावर सरळ बसवा. पहिला दाब एकदम हळू. आत हवा राहिली असेल तर पहिल्याच जोरात घाण पाणी तोंडावर येतं. त्यानंतर पकड न सोडता वर-खाली, पंधरा-वीस वेळा, आणि लक्षात ठेवा की ढकलण्यापेक्षा ओढणं जास्त काम करतं. अडलेला गोळा पुढे-मागे हलून सैल होतो, नुसता ढकलला तर दाबून बसतो. शेवटच्या वेळी झटक्यात वर उचला. पाणी "गुडूप" करून खाली गेलं की झालं.

आता भांडं का तडकतं ते. चिनी माती दाब सहन करते पण ठोका आणि वाकणं सहन करत नाही. म्हणून सुरू करायच्या आधी भांडं दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. डुगडुगत असेल, खालचं व्हाइट सिमेंट सुटलं असेल, तर पंप मारूच नका, कारण प्रत्येक दाबाला भांडं एका बाजूला कलतं आणि पायथ्याला स्क्रूच्या भोकापासून चीर सुरू होते. अंगाचा पूर्ण भार टाकायचा नाही, भांड्यावर पाय किंवा गुडघा टेकवून जोर तर मुळीच नाही, दांडा उभा ठेवा आणि काम हाताच्या जोराने करा. लाकडी दांड्याच्या टोकाला स्क्रू बाहेर आलेला असेल तर तो पंप आधी बदला. आणि ज्यांच्या भांड्यात आतच जेटची नळी बसवलेली आहे त्यांनी वाटी तिला घासणार नाही असं बघा, ती वाकली की पाण्याची धार भलतीकडेच जाते.

उकळतं पाणी ओतू नका. थंड भांड्यावर एकदम उकळतं पाणी पडलं की चिनी माती तडकू शकते, कोमट चालेल. ड्रेन पावडरपण कमोडमध्ये नको, ती पाण्यात खूप तापते आणि कधी कधी वळणात दगडासारखी घट्ट होऊन बसते. आधीच अ‍ॅसिड किंवा पावडर टाकून बसला असाल तर पंप मारू नका, ते उडून डोळ्यात जाईल, खिडकी उघडा आणि मिस्त्री आला की त्याला पहिलं हेच सांगा. अ‍ॅसिडवाल्या टॉयलेट क्लीनरवर ब्लीच तर कधीच नाही, विषारी क्लोरीन गॅस तयार होतो.

ऑगर

हा वाकडी नळी, आत स्प्रिंगची तार आणि वर फिरवायचं हँडल असा असतो. साधारण तीन फूट तार, म्हणजे ट्रॅपचं वळण पार होण्यापुरती. नळीच्या वाकड्या भागावर रबराचं आवरण असतं आणि भांड्याला ओरखडा न येण्याची सगळी मदार त्यावर आहे. ते फाटलेलं किंवा वर सरकलेलं असेल तर तो ऑगर भांड्यात घालू नका. बेसिनची उघडी स्प्रिंग पण कमोडमध्ये नको, ती भांड्याच्या चकचकीत थरावर, म्हणजे ग्लेझवर, फिरून काळे पट्टे पाडते.

तार पूर्ण मागे ओढून घ्या म्हणजे हूक नळीच्या तोंडाशी येतो. मग बघा भोक कुठल्या बाजूला वळतंय, काही भांड्यांत मागे वळतं, काहींत पुढे, आणि नळीचं वाकडं तोंड त्याच दिशेला ठेवून रबर भांड्यावर टेकवा. आपटायचं नाही, टेकवायचं. एका हाताने नळी घट्ट धरा कारण ती हलली की तिथेच घासते. दुसऱ्या हाताने हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवत हळूहळू आत सोडा.

अडलं की ढकलू नका. नुसतं फिरवा, थोडं मागे घ्या, परत फिरवा. बहुतेक वेळा ती अडचण म्हणजे वळणच असतं आणि तार फिरून चढते. हँडल जड होत गेलं आणि तार पिळवटतेय असं हाताला कळलं तर लगेच थांबा, तो पीळ एकदम सुटला तर तार आत भांड्यावर सपकन आपटते. मऊ गचका लागला, म्हणजे कापडासारखं काही, तर हूक त्यात गुंतला आहे, आता पुढे नको, त्याच दिशेने फिरवत बाहेर ओढा. उलटं फिरवलं की पकड सुटते.

मोकळं झालं असं वाटलं तरी लगेच फ्लश नको. आधी अर्धी बादली पाणी एका धारेत ओता. सुसाट गेलं तर थोडा कागद टाकून परत ओता, तोपण गेला तर मग अँगल कॉक उघडा. पाणी गेलं आणि कागद अडला, तर काकूंसारखंच काहीतरी आत आहे असं समजा.

नंतर भांडं तपासा

करड्या रेघा दिसल्या तर घाबरू नका, नख फिरवून बघा. नख अडकलं नाही तर ती धातूची नुसती खूण आहे, ऑक्सॅलिक अ‍ॅसिडवाल्या भांडी उजळायच्या पावडरीने हातमोजे घालून ओल्या फडक्याने चोळली की जाते. नख अडकलं तर ग्लेझ खरवडलं गेलंय, ते परत येत नाही, तिथे मळ आणि बोरिंगच्या पाण्याचा क्षार लवकर धरतो, त्यामुळे तारेच्या घासणीने तिथे घासू नका.

तडा गेल्याची शंका असेल तर पायथा कोरडा पुसून भोवती टिशू पेपर ठेवा, भांड्यात खायचा रंग टाका आणि कमोड न वापरता काही तास सोडा. टिशूला रंग लागला तर भांड्याला आरपार चीर आहे, ती सिमेंटने किंवा एमसीलने भरून चालवू नका, बसल्यावर असं भांडं फुटून मोठी जखम होऊ शकते. टिशू कोरडा राहिला पण फ्लश केल्यावर ओला झाला तर गळती भांड्याची नाही, मागच्या पाईपच्या जोडाची असू शकते, आणि ती मिस्त्री भांडं न बदलताही नीट करू शकतो.

भारतीय बैठकीच्या भांड्याला हा ऑगर नीट टेकत नाही, त्यासाठी वेगळी लांब स्प्रिंग लागते, ती आम्ही मिस्त्रीबरोबरच पाठवतो. कमोडचा ऑगर दुकानात डिपॉझिटवर एका दिवसासाठी मिळतो. नेताना रबराचं आवरण आमच्यासमोर बघून घ्या, आणि परत देताना धुऊन, वाळवून द्या.