पाळीनुसार वर्कआउट: 14व्या दिवसाचा हिशोब आला कुठून आणि पुरावा किती

पाळीच्या दिवसांत बाईने किती श्रम करावेत हा वाद जुनाच आहे. 1873 मध्ये अमेरिकेत एका डॉक्टरने लिहिलं की या दिवसांत मुलींना अभ्यासातूनसुद्धा सुट्टी हवी, आणि 1876 मध्ये एका महिला डॉक्टरने बायकांना प्रश्नावली पाठवून, नाडी आणि ताकद मोजून दाखवून दिलं की बहुतेक निरोगी बायकांना अशी सक्तीची विश्रांती लागत नाही. त्यानंतरच्या काळात व्यायामशास्त्राचा बराचसा अभ्यास पुरुषांवरच झाला, कारण पाळीमुळे रिझल्ट्स गोंधळतात असं मानून बायकांना बाहेरच ठेवलं जायचं. पाळीच्या फेजप्रमाणे, म्हणजे टप्प्याप्रमाणे, व्यायाम बदलायचा का यावर आज आपण भांडतोय, ते बहुतेक सगळं मागच्या दहा-बारा वर्षांतलं आहे.

मूळ कल्पना ऐकायला पटते. पाळी सुरू झाल्यापासून ओव्ह्युलेशनपर्यंत, म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडेपर्यंत, इस्ट्रोजन हे हार्मोन चढत जातं, त्यानंतर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा अंमल सुरू होतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत इस्ट्रोजन स्नायूंना मदत करताना दिसलं होतं, मग तर्क असा झाला की पहिल्या अर्ध्यात जड वजनं मारा आणि दुसऱ्या अर्ध्यात योगा, चालणं वगैरे हलकं ठेवा. माणसांवरचे दोन अभ्यास याला आधार म्हणून सतत पुढे केले जातात. 2014 च्या अभ्यासात 20 बायकांनी एक पाय मुख्यतः पहिल्या अर्ध्यात आणि दुसरा मुख्यतः दुसऱ्या अर्ध्यात ट्रेन केला, आणि पहिल्या अर्ध्यातल्या पायाची ताकद जास्त वाढली. 2017 चा अभ्यास स्वीडनचा, त्यात एका गटाने पहिले दोन आठवडे आठवड्याला पाच वेळा लेग ट्रेनिंग केलं आणि उरलेले दोन आठवडे एकदाच, दुसऱ्या गटाने याच्या उलट. पहिल्या गटाला जास्त फायदा दिसला. पण यात गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकाही होत्या, आणि गोळ्या चालू असताना शरीराची स्वतःची हार्मोन्सची चढउतार बरीचशी दबलेली असते, मग तो फायदा इस्ट्रोजनचा कसा म्हणायचा? 2016 मध्ये जपानमध्ये हाताच्या व्यायामावर असाच प्रयोग झाला त्यात दोन्ही बाजूंत फरक सापडलाच नाही, पण त्याच्याबद्दल कोणी रील बनवत नाही.

मग 2019 चा महिला फुटबॉल वर्ल्ड कप आला. जिंकलेली अमेरिकन टीम खेळाडूंची पाळी ट्रॅक करत होती ही बातमी जगभर गेली, पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या एका मोठ्या क्लबनेही तसंच जाहीर केलं, आणि त्याच सुमारास पाळीच्या ॲप्समध्ये "आज हाय इंटेन्सिटी, उद्या रेस्ट" असे सल्ले दिसायला लागले. अमेरिकन टीम मुख्यतः त्रास कुठे होतोय, झोप आणि खाणं कसं आहे याची नोंद ठेवत होती. लोकांपर्यंत मात्र पोचलं ते फेजेसप्रमाणे चार रंगांत वाटलेलं कॅलेंडर.

आता ज्या गोष्टीवर सगळा डोलारा उभा आहे तिकडे येऊ, म्हणजे तुम्ही नेमक्या कुठल्या फेजमध्ये आहात हे ठरवायचं कसं. बरीच कॅलेंडरं 28 दिवसांची सायकल आणि 14व्या दिवशी ओव्ह्युलेशन असं धरून चालतात. 2019 मध्ये एका ॲपच्या सहा लाखांहून जास्त सायकल्सचा डेटा तपासला गेला, त्यात बरोब्बर 28 दिवसांच्या सायकल्स होत्या फक्त 13 टक्के. पहिला भाग सरासरी 17 दिवसांचा निघाला आणि दुसरा साधारण साडेबारा. म्हणजे सरासरी बाईचंसुद्धा ओव्ह्युलेशन 14व्या दिवशी होत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा एखादीची सायकल 33 दिवसांची आहे. दुसरा भाग बहुतेकींचा त्यामानाने कमी बदलतो, तो 12-13 दिवसांचा धरला तर तिचं ओव्ह्युलेशन 20-21व्या दिवशी पडेल. कॅलेंडर तिला 15व्या दिवसापासून "हलकं घ्या" सांगणार, म्हणजे तिच्या खऱ्या पहिल्या अर्ध्यातले पाच-सहा दिवस, जे त्याच थिअरीप्रमाणे सगळ्यात जोरदार असायला हवेत, ते वाया. आणि महिन्यातले 19 दिवस हलका व्यायाम झाला तर एकूण ट्रेनिंगच घटतं, तेव्हा प्रगती थांबली तर दोष हार्मोन्सचा नाही, कमी झालेल्या सेट्सचा असतो.

नीट ठरवायचं तर दिवस मोजणे, लघवीची ओव्ह्युलेशन स्ट्रिप, आणि ओव्ह्युलेशननंतर साधारण आठवड्याने रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, असं तिन्ही लागतं. नुसती स्ट्रिप पॉझिटिव्ह आली म्हणून भागत नाही, पुढे प्रोजेस्टेरॉन पुरेसं वाढलंय का ते कळत नाही. 2015 च्या नॉर्वेतल्या मोठ्या अभ्यासात नियमित पाळी असलेल्या बायकांतही एक तृतीयांशाहून जास्त सायकल्समध्ये ओव्ह्युलेशन झाल्याचं दिसलं नाही. पाळी वेळेवर येते म्हणजे फेजेस पुस्तकातल्यासारख्या आहेत, हे गृहीतकच कच्चं आहे. आणि जुने कितीतरी अभ्यास याच गृहीतकावर झालेत, हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

2020 मध्ये 78 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत परफॉर्मन्स किंचित कमी दिसला, इतका किंचित की संशोधकांनीच तो नगण्य म्हटला, आणि जवळपास दोन तृतीयांश अभ्यासांचा दर्जा कमी किंवा अगदीच कमी निघाला. त्यांचा सल्ला होता की सगळ्यांसाठी एक नियम काढू नका, प्रत्येकीचं वेगळं बघा. 2023 मध्ये फक्त ताकदीच्या व्यायामावरचे आढावे एकत्र तपासले गेले, त्यात फेज बघून प्लॅन बदलायला आधार सापडला नाही. एनर्जीचंही तसंच, दुसऱ्या अर्ध्यात विश्रांतीतल्या कॅलरीज थोड्या जास्त जळतात असं सरासरीत दिसतं, पण फरक छोटा आहे आणि नवीन अभ्यासांत तो अजून छोटा होत गेलाय, त्यावरून "या आठवड्यात इतक्या कॅलरीज जास्त खा" असा हिशोब मांडता येत नाही.

त्यातल्या त्यात ठोस गोष्ट म्हणजे ओव्ह्युलेशननंतर शरीराचं तापमान साधारण 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने वर जातं. दमट उकाड्यात लांब पळताना हे जाणवू शकतं, मे महिन्यातल्या मुंबईत किंवा गोव्यात संध्याकाळी पाचला पळणाऱ्या मुलीला यात अर्थ आहे, एसी जिममध्ये स्क्वाट्स मारणारीला फारसा नाही. आणि त्रास तर खराच असतो. पोटदुखी, जास्त रक्तस्राव, त्यातून कमी होणारं लोह, मोडलेली झोप, यांनी ट्रेनिंग बिघडतं, आणि ते कुठल्याही दिवशी होऊ शकतं. म्हणून आजकाल या क्षेत्रातले बरेच लोक म्हणतात की प्लॅन तोच ठेवा, वजन त्या दिवशीच्या वॉर्मअपवरून ठरवा. नेहमीचं 40 किलो आज जड जातंय तर 35 वर या, हलकं जातंय तर तारीख दुसऱ्या अर्ध्यातली असली तरी रोखू नका. दोन-तीन सायकल्स दुखणं, झोप आणि उचललेलं वजन लिहून ठेवलं आणि दर वेळी त्याच दिवसांत घसरण दिसली तर तेवढेच दिवस हलके करा. पाळी तीन महिने आलीच नाही तर मात्र व्यायामाचं वेळापत्रक बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा, कारण प्रेग्नन्सी नसेल तर व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडणं हे त्याचं एक नेहमीचं कारण असतं.