टॉर्क आणि अश्वशक्ती (गाडीच्या ब्रोशरमधील)

गाडीच्या ब्रोशरमध्ये इंजिनाच्या रकान्यात दोन आकडे शेजारी छापलेले असतात. एक ताकदीचा, म्हणजे अश्वशक्तीचा, पीएस किंवा बीएचपीमध्ये. दुसरा टॉर्कचा, एनएम म्हणजे न्यूटन-मीटरमध्ये. दोन्हींच्या पुढे ‘@’ ही खूण आणि आरपीएमचा आकडा असतो, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होत असताना ते मोजमाप मिळाले ते. पहिलीच गाडी घेणारा माणूस मोठा आकडा शोधतो आणि खुणेपुढचे वाचत नाही. गाडी रोज कशी चालेल हे मात्र त्या पुढच्या आकड्यावरूनच जास्त कळते.

टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, पीळ. पंक्चर झाल्यावर चाकाचा नट सोडवताना पान्याच्या टोकाशी आपण जो जोर लावतो तो टॉर्कच. पाना लांब असला की तेवढ्याच जोरात नट सुटतो, कारण टॉर्क म्हणजे जोर गुणिले अंतर. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला दहा किलोचे वजन टांगले, तर दुसऱ्या टोकाला सुमारे १०० एनएमचा पीळ बसतो. लहान पेट्रोल गाडीचे इंजिन जास्तीत जास्त साधारण एवढाच पीळ देते. नट हललाच नाही तरी पान्यावर टॉर्क असतोच. त्यात वेगाचा हिशेब नाही.

अश्वशक्तीत वेग येतो. अठराव्या शतकात जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाची तुलना घोड्याच्या कामाशी केली, त्यावरून हे माप रूढ झाले. आपल्याकडे ते मोटेवरून लवकर समजते. ७५ लिटर पाण्याची मोट सेकंदाला एक मीटर या वेगाने वर येत असेल, तर ते काम एक पीएसचे. मोट तेवढीच भरलेली आहे, पण निम्म्या वेगाने चढते आहे, तर ताकद अर्धा पीएस. बीएचपी हे माप किंचित मोठे आहे. १०० पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी. एका कंपनीने पीएस आणि दुसरीने बीएचपी छापले असेल, तर एक-दोन आकड्यांच्या फरकावर निर्णय घेऊ नये.

हे दोन आकडे एकमेकांपासून सुटे नाहीत. पीळ आणि फेरे यांचा गुणाकार केला की ताकद निघते:

पीएस = एनएम × आरपीएम ÷ ७०२४

तोंडी हिशेबाला ७००० धरले तरी चालते. म्हणजे ‘टॉर्कची गाडी चांगली की पॉवरची’ हा शोरूममध्ये हमखास निघणारा वाद मुळातच चुकीचा आहे. विचारायचे ते असे, की मी गाडी ज्या फेऱ्यांवर चालवणार आहे, तिथे इंजिन किती ताकद देते?

यासाठी सध्याच्या बाजारात सहज आढळतील अशा दोन काल्पनिक गाड्या घेऊ. पहिलीत १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन आहे: ८८ पीएस @ ६०००, ११४ एनएम @ ४०००. दुसरीत एक लिटरचे टर्बो पेट्रोल: १०० पीएस @ ५०००, १६० एनएम @ १७५० ते ४०००. अश्वशक्तीतला फरक फक्त १२ आहे. त्यावरून पाहिले तर दोन्ही गाड्या जवळपास सारख्या वाटतात.

आता मुंबईहून नाशिकला जुन्या महामार्गाने परत येण्याचा प्रसंग घ्या. कसारा मागे पडला, घाट सुरू झाला. गाडीत पाच माणसे, डिकी भरलेली, एसी चालू, वेग ताशी ६०. गाडी आणि माणसे मिळून वजन १४०० किलो धरू आणि चढ वीस मीटरला एक मीटर. अशा चढावर गाडीला मागे ओढणारे वजन १४०० भागिले २०, म्हणजे ७० किलो. टायरचे घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा मिळून आणखी तीसेक. एकूण १०० किलोचा ओढा झाला. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. मोटेच्या मापाने १०० गुणिले १६.७ भागिले ७५, म्हणजे २२ पीएस. गिअरमधली गळती आणि एसीचा भार धरला की इंजिनाला २८ पीएसच्या आसपास द्यावे लागतात. ८८ आणि १०० पीएसच्या गाड्यांकडे एवढे तर कितीतरी असायला हवे.

पण अशा गाड्यांचे इंजिन चौथ्या गिअरमध्ये ताशी ६० ला साधारण २२०० फेऱ्यांवर असते. साध्या इंजिनाचा कमाल टॉर्क ४००० ला आहे. २२०० ला त्याच्याकडे फार तर १०० एनएम असतील. हा आकडा ब्रोशरमध्ये नसतो, कमालीच्या पंच्याऐंशी-नव्वद टक्के धरायचा. १०० गुणिले २२०० भागिले ७०००, म्हणजे ३१ पीएस. त्यात नाशिकचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, आणि घाट चढू लागलो की हवा विरळ होतच जाते. साध्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एक टक्क्याने घटते. ३१ चे २९-३० होतात. चढायला लागतात २८. पुढे कांद्याचा ट्रक रेंगाळतो आहे, ॲक्सिलरेटर तळाला टेकवला आहे, तरी गाडी पुढे सरत नाही. ‘माझी गाडी घाटात दमते’ असे लोक सांगतात ते हेच.

टर्बो इंजिन त्याच २२०० ला पूर्ण १६० एनएम देते. हिशेब केला तर ५० पीएस, म्हणजे बावीस शिल्लक. टर्बो हवा दाबून आत घालत असल्यामुळे विरळ हवेची तूटही बरीचशी भरून निघते. कागदावरच्या १२ पीएसचा घाटात असा वीस पीएसचा फरक होतो.

साधी गाडी वाईट आहे असा मात्र याचा अर्थ नव्हे. तिचा चालक तिसऱ्या गिअरमध्ये आला की इंजिन ३००० फेऱ्यांवर जाते. तिथे १०८ एनएम धरले तर ४६ पीएस मिळतात आणि ट्रक आरामात मागे पडतो. आवाज वाढतो, पेट्रोल थोडे जास्त लागते, पण इंजिनाला काही होत नाही. ते त्यासाठीच बनवलेले आहे. नुकसान होते ते गिअर न बदलता कमी फेऱ्यांवर गाडी रेटल्याने. अंगात थरथर जाणवते, बॉनेटखालून खडखड ऐकू येते, आणि तरी वेग वाढत नाही. ही खूण दिसली की आधी गिअर खाली घ्यावा. नवशिके चालक आवाजाला घाबरून वरचा गिअर सोडत नाहीत आणि दोष गाडीला देतात.

गिअर खाली घेतल्यावर नेमके काय होते, ते ट्रॅक्टरकडे पाहून कळते. ४५ एचपीचा ट्रॅक्टर २००० फेऱ्यांवर चालत असेल तर वरच्या सूत्राने त्याचा टॉर्क १६० एनएमच्या आसपास निघतो. आपल्या टर्बो गाडीचा २००० फेऱ्यांवर टॉर्क तेवढाच आणि ताकदही तेवढीच! तरी लासलगावच्या बाजारात कांद्याची भरलेली ट्रॉली ओढत नेतो तो ट्रॅक्टरच. त्याचे गिअर फेरे खूप कमी करून चाकाशी पीळ कित्येक पटींनी वाढवतात, आणि जड अंगामुळे मोठी चाके जमिनीला धरून राहतात. गिअर टॉर्क वाढवू शकतो, ताकद वाढवू शकत नाही. चाकाला जास्त पीळ हवा तर वेग सोडावा लागतो. ब्रोशरमधला टॉर्क इंजिनाच्या दांड्यावरचा असतो, चाकावरचा नसतो. म्हणून नुसता ‘१६० एनएम’ वाचून गाडी किती ओढेल हे ठरत नाही.

टर्बोचीही एक बाजू ब्रोशरमध्ये लपते. ‘१७५० ते ४०००’ मधला पहिला आकडा म्हणजे उंबरठा. त्याच्या खाली टर्बोला फिरवायला इंजिनातून पुरेसा धूर येत नाही आणि एक लिटरचे छोटे इंजिन एकटे पडते. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना तीव्र वळणावर वेग वीसवर येतो, दुसऱ्या गिअरमध्ये फेरे १४००-१५०० वर उतरतात. पाय दाबला तरी क्षणभर काहीच होत नाही, आणि मग गाडी एकदम उसळते. अशा जागी वळणाआधीच पहिला गिअर घेतलेला बरा. क्लच अर्धा दाबून वेळ मारून नेण्याची सवय लागली की क्लच प्लेट लवकर जळते. गडावरून उतरल्यावर येणारा करपट वास तिचाच.

सीएनजीची गाडी घेणाऱ्याने ब्रोशरमधल्या सीएनजीच्या ओळीचे आकडे वेगळे वाचावेत. वायू इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवेची जागा खातो, त्यामुळे तेच ८८ पीएसचे इंजिन सीएनजीवर साधारण ७७ पीएस आणि ९८ एनएमच्या आसपास येते. मोठ्या अक्षरातला आकडा बहुतेक वेळा पेट्रोलचाच असतो. वर टाकीचे वजन. नाशिक शहरात कॉलेज रोड ते पाथर्डी फाटा रोज जाणाऱ्याला हे जाणवणारही नाही, कारण तिथे दहा-पंधरा पीएसच्या वर क्वचितच लागतात. महिन्यातून दोनदा कुटुंब घेऊन कसारा चढणाऱ्याला जाणवेल.

टेस्ट ड्राइव्हला सेल्समन रिकाम्या सपाट रस्त्यावर नेतो. तिथे सगळ्याच गाड्या पळतात. त्याऐवजी घरची तीन-चार माणसे बसवून, एसी लावून, महामार्गावरच्या उड्डाणपुलाची चढण निवडावी. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसवर गाडी धरून चढणीला पाय दाबावा आणि आरपीएमच्या काट्याकडे लक्ष ठेवावे. काटा दीड हजाराच्या आसपास असताना गाडी लगेच सरकते, थांबून उसळते की नुसतीच घरघरते, हे तिथे कळते. मग तेच दुसऱ्या गिअरमध्ये करून पाहावे. गिअर बदलायचा कंटाळा नसेल आणि बहुतेक फिरणे शहरातलेच असेल, तर साध्या इंजिनात वाचणारे पैसे वाया जात नाहीत. भरल्या गाडीने वरचेवर घाट चढायचा असेल, तर ज्या गाडीचा कमाल टॉर्क दोन हजारांच्या आत सुरू होतो तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत.