लहान मुलांना थेट जाहिरात : खाऊ आणि खेळण्यांच्या जाहिरातींवरील नैतिक मर्यादा

गोळ्या-चॉकलेटं, बिस्किटं, खेळणी यांची जाहिरात पालकांना डावलून सरळ लहान मुलालाच करावी का, आणि करायची तर कुठवर, हा जाहिरातनीतीतला जुना वाद आहे. मोठ्या माणसाला केलेल्या जाहिरातीचा कस साधा असतो: दावा खरा आहे की खोटा. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा कस अपुरा पडतो. जाहिरातीतला शब्दन् शब्द खरा असला, तरी समोरचा आपल्याला काहीतरी विकू पाहतो आहे हेच त्या मुलाला उमगलेलं नसतं. आक्षेप आहे तो या असमान सामन्यावर.

ही समज टप्प्याटप्प्याने येते. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत मुलाला कार्टून कुठे संपलं आणि जाहिरात कुठे सुरू झाली हे नीट सांगता येत नाही. पुढे फरक कळतो, पण तो ‘जाहिरात छोटी असते’, ‘जाहिरातीत गंमत असते’ एवढाच. जाहिरात ही आपल्या उपयोगाची माहिती आहे, असं मूल मनापासून मानतं. विकणाऱ्याचा स्वार्थ असतो आणि म्हणून तो चांगलं तेवढंच सांगतो, हे सात-आठ वर्षांच्या आसपास कळू लागतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये आठ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर निर्बंध सुचवले, ते याच आधारावर. अर्थात कळणं आणि ऐन मोहाच्या क्षणी ते आठवणं यांतही अंतर आहे. दहा वर्षांचं मूल विचारल्यावर ‘ते विकण्यासाठी दाखवतात’ असं बरोबर सांगेल, आणि तरीही त्याच खेळण्याचा हट्ट धरेल.

‘जाहिरातीत सूचना टाकली की झालं’ हा उपाय इथे किती तोकडा पडतो, हे १९७०च्या दशकात अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात दिसलं. खेळण्याच्या जाहिरातीत ‘काही जोडणी आवश्यक’ अशा धाटणीचं नेहमीचं वाक्य ऐकलेल्या मुलांना, ते न ऐकलेल्या मुलांपेक्षा अधिक काहीच कळलं नव्हतं. तेच ‘खेळण्याआधी हे तुम्हाला जोडावं लागेल’ असं साध्या शब्दांत सांगितल्यावर कितीतरी अधिक मुलांना कळलं. म्हणजे सोपी भाषा जोडणीपुरती उपयोगी पडते. विकणाऱ्याचा हेतू मात्र कितीही सोप्या वाक्यात सांगितला, तरी तो पकडायला लागणारी समज त्या वयात आलेली नसते.

या प्रश्नाला कायद्याने दिलेलं सर्वांत ठोस उत्तर कॅनडातल्या क्यूबेक प्रांताचं आहे. तिथल्या १९७८च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २४८ने तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करण्यास मनाई केली. तिचा अंमल १९८० मध्ये सुरू झाला. जाहिरात मुलांना उद्देशून आहे की नाही, हे कसं ठरवायचं ते कलम २४९ सांगतं. वस्तू कोणती व कशासाठी आहे, ती कशा रीतीने मांडली आहे, आणि जाहिरात कधी व कुठे दाखवली, या तीन गोष्टी एकत्र पाहायच्या. वॉशिंग मशीनची जाहिरात शनिवारी सकाळी कार्टूनच्या मध्ये लागली म्हणून तेवढ्याने ती मुलांसाठीची ठरत नाही. त्याच वेळी नाचणारं अस्वल रंगीत गोळ्या उधळत असेल तर तिन्ही उत्तरं एकाच दिशेला जातात. मोठ्यांच्या वेळेत दाखवली म्हणून जाहिरात आपोआप सुटत नाही, हेही कलमात स्पष्ट आहे. अंमलबजावणी करणाऱ्या कार्यालयाच्या मार्गदर्शिकेत प्रेक्षकांपैकी पंधरा टक्क्यांहून अधिक मुलं असतील, तर खास मुलांच्या वस्तूंची जाहिरात तिथे चालत नाही. ही मेख महत्त्वाची आहे, कारण निम्म्याहून अधिक प्रेक्षक मुलं असण्याची अट घातली असती तर फारच थोडे कार्यक्रम कायद्याच्या कक्षेत आले असते.

टोरंटोच्या अर्विन टॉय या खेळणी कंपनीने या बंदीला आव्हान दिलं. आपल्या दूरचित्रवाणी जाहिराती रोखल्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होतो, असं तिचं म्हणणं होतं. अपील न्यायालयाने ते मानलं. १९८९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र तीन विरुद्ध दोन मतांनी बंदी कायम ठेवली. व्यापारी जाहिरात हीसुद्धा अभिव्यक्ती आहे आणि बंदीने तिच्यावर गदा येते, हे न्यायालयाने सरळ मान्य केलं. पण ही गदा समर्थनीय ठरवली. पुरावा मुख्यतः सहा वर्षांपर्यंतच्या मुलांबद्दल भक्कम होता. मग तेरा वर्षांची रेषा कशी टिकली? समज नेमकी कुठल्या वाढदिवसाला येते हे शास्त्र सांगू शकत नसेल, तर दुर्बल गटाच्या रक्षणासाठी विधिमंडळाने वाजवी रेषा आखावी आणि न्यायालयाने ती इंचाइंचाने मोजत बसू नये, असा बहुमताचा विचार होता. दोन न्यायमूर्तींना हे पटलं नाही. जाहिरातीने मुलांचं खरोखर नुकसान होतं हे सिद्ध झालेलं नाही, असं त्यांचं मत होतं. मला बहुमताचा युक्तिवाद अधिक पटतो. समज पुरती आली आहे याची खात्री नसताना होणाऱ्या चुकीची किंमत मुलाने मोजण्यापेक्षा विक्रेत्याने मोजणं न्याय्य आहे.

अमेरिकेत याच सुमारास हाच प्रयत्न फसला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय व्यापार आयोगाच्या अधिकाऱ्यांनी १९७८ मध्ये अगदी लहान मुलांना उद्देशून होणाऱ्या सगळ्याच जाहिरातींवर आणि मोठ्या मुलांसाठी दात किडवणाऱ्या साखरी पदार्थांच्या जाहिरातींवर बंदी सुचवली. उद्योगांनी झोड उठवली, एका मोठ्या दैनिकाने ‘राष्ट्राची आया’ म्हणून हेटाळणी केली, आणि १९८० मध्ये संसदेने आयोगाचे अधिकारच छाटले. आयोगाच्या अधिकाऱ्यांच्या १९८१च्या अखेरच्या अहवालाने लहान मुलांना हेतू कळत नाही हे मान्य केलं. पण तेवढ्याच मुलांपुरती बंदी व्यवहारात बसवता येत नाही, म्हणून विषय मिटवला. गंमत अशी की क्यूबेकच्या बाजूने कॅनडाच्या न्यायालयात याच अहवालाचा आधार घेतला गेला.

क्यूबेकची बंदीही गळकी आहे. वेष्टन, दुकानाची काच आणि दुकानातली मांडणी यांना नियमांत सूट असल्याने न्याहारीच्या सीरियलच्या डब्यावरचं कार्टून तसंच राहिलं. सीमेपलीकडच्या अमेरिकी वाहिन्या घरात येतच होत्या. याचा एक अनपेक्षित फायदा संशोधकांना झाला. क्यूबेकच्या मॉन्ट्रियल शहरातली इंग्रजी बोलणारी मुलं अमेरिकी वाहिन्या जास्त पाहत, फ्रेंच बोलणारी कमी. संशोधक मार्व्हिन गोल्डबर्ग यांच्या १९९०च्या अभ्यासात पहिल्या गटाला अधिक खेळणी ओळखता आली आणि त्यांच्या घरांत मुलांसाठीची न्याहारीची सीरियल अधिक आढळली. पळवाटा नुसत्या पडद्यावर नसतात, हे २००९ मध्ये दिसलं. सापुटो या खाद्यपदार्थ कंपनीचा ‘इगोर’ नावाचा जाहिरातीतला गोरिला केकची जाहिरात करत पाळणाघरांपर्यंत पोचला होता. कंपनीने गुन्हा कबूल केला आणि ४४,००० डॉलर दंड भरला.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. मुलांच्या भोळेपणाचा फायदा घेऊ नये, ‘विकत घे’ किंवा ‘आईबाबांकडे माग’ असं थेट सांगू नये, गरज नसताना भेटवस्तूचं आमिष दाखवू नये, असं त्यांत आहे. चिप्स, शीतपेयं यांसारख्या जंक फूडची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमांत किंवा खास मुलांच्या वाहिनीवर दाखवायलाही मनाई आहे. मात्र खेळण्यांना अशी वेळ-जागेची बंदी नाही. तिथे आशय आणि मांडणीच तपासली जाते. शिवाय या तत्त्वांचा गाभा दिशाभूल हा आहे. मुलांच्या वाहिनीवर खेळण्यातल्या गाडीची अतिशयोक्ती न केलेली, ‘घे’ न म्हणणारी जाहिरात दिवसभर लागली तर ती चालते. क्यूबेकमध्ये तीच जाहिरात, खरी असूनही, मुलाला उद्देशून आहे एवढ्यावरून थांबते. मोबाइलवर एखादं मूल खोक्यातून खेळणं काढून दाखवतं, त्या चित्रफितीत तर ‘जाहिरात’ म्हणून वेगळा तुकडाच नसतो. सशुल्क असल्याची पाटी कोपऱ्यात असली, तरी ती वाचता न येणाऱ्या प्रेक्षकासाठीच ती चित्रफीत बनवलेली असते.