स्क्रेपिंग : नोकरीच्या संकेतस्थळांवरील मर्यादा

संकेतस्थळावर माणसांनी वाचावी म्हणून मांडलेली माहिती प्रोग्रामकरवी उतरवून घेणे, याला स्क्रेपिंग म्हणतात. येथे नोकरीच्या जाहिरातींपुरताच विचार केला आहे. उदाहरण बडोद्याचे घेतले आहे. दांडिया बाजार भागातील एखाद्या मराठी मंडळाला आयटीआय झालेल्या मुलांसाठी मकरपुरा, सावली आणि हालोल येथील कारखान्यांतल्या जागांची साप्ताहिक यादी काढायची आहे, असे समजू. हेतू निर्मळ आहे. तरीही पहिला प्रश्न परवानगीचाच येतो, आणि ती कोणत्या कागदावर वाचायची याबद्दल बराच गोंधळ आढळतो.

सर्वांत आधी पाहिली जाते ती संकेतस्थळाच्या मुळाशी ठेवलेली robots.txt ही फाइल. प्रोग्रामांनी कोणती पाने उघडावीत आणि कोणती टाळावीत, हे तीत लिहिलेले असते. मार्टाइन कोस्टर यांनी हा संकेत १९९४ मध्ये सुचवला. त्याची तारीख कोठे फेब्रुवारी, तर कोठे जून अशी दिलेली दिसते. पहिली मूळ प्रस्तावाची आणि दुसरी सर्वमान्य मसुद्याची धरल्यास दोन्ही जुळतात, म्हणून ‘१९९४ चा पूर्वार्ध’ म्हणणे अधिक सुरक्षित. त्यानंतर सुमारे अठ्ठावीस वर्षे हा केवळ शिष्टाचार होता. त्याला आरएफसी ९३०९ या इंटरनेट-प्रमाणाच्या दस्तऐवजाचे रूप सप्टेंबर २०२२ मध्ये मिळाले. त्या दस्तऐवजातच हे नियम म्हणजे प्रवेशाचा अधिकार देणारी यंत्रणा नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे फाइलने अडवले नाही एवढ्यावरून मालकाने होकार दिला असे ठरत नाही. उलट तिने अडवले असेल, तर मालकाची इच्छा कळली नव्हती असे म्हणायला जागा उरत नाही.

फाइल वाचण्यातही चूक होते. समजा आपल्या उदाहरणातील संकेतस्थळावर असे लिहिले आहे :

```
User-agent: *
Allow: /jobs/
Disallow: /jobs/apply/
Crawl-delay: 10
```

प्रमाणानुसार जो नियम पत्त्याशी सर्वाधिक लांबीपर्यंत जुळतो तो लागू होतो. त्यामुळे `/jobs/512` खुले आहे आणि `/jobs/apply/512` बंद. पायथनच्या अनेक आवृत्त्यांतील `urllib.robotparser` मात्र वरून खाली वाचत पहिला जुळणारा नियम धरते आणि दुसरा पत्ताही खुला ठरवते. प्रोग्राम आज्ञाधारक आहे असे लिहिणाऱ्याला वाटते, आणि तो अर्जाच्या पानांवर जाऊन आदळतो. दोन विनंत्यांत किती सेकंद थांबावे हे सांगणारी `Crawl-delay` ही ओळ तर आरएफसीत नाहीच. गूगल ती मानत नाही, बिंग मानते. ती बंधनकारक नाही हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या बरोबर असला, तरी मालकाने स्वतः लिहिलेला आकडा सोडून दुसरा वेग निवडण्याचे कारण सापडत नाही.

दुसरा कागद संकेतस्थळाच्या वापरअटींचा. बहुतेक मोठ्या नोकरी-संकेतस्थळांच्या अटींत स्वयंचलित उचल मना असते. त्या मोडल्यास काय, यावर दोन मते आहेत. एका मतानुसार लॉगिनशिवाय दिसणारे पान सर्वांना खुले आहे, म्हणून परवानगी गृहीत धरावी. दुसऱ्या मतानुसार अटींतील मनाई म्हणजे परवानगीचा अभावच. भारतात हा वाद माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ भोवती फिरतो. मालकाच्या परवानगीवाचून संगणकातील माहिती उतरवणे किंवा तिचा उतारा काढणे भरपाईस पात्र आहे, असे ते कलम सांगते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘परवानगी’ कशी ओळखावी हे कलम सांगत नाही.

येथे परदेशी निवाडे मार्गदर्शक मानले जातात, बंधनकारक नव्हे. लिंक्डइनवरची सार्वजनिक पाने उतरवणाऱ्या हायक्यू कंपनीच्या, अमेरिकेतील हायक्यू विरुद्ध लिंक्डइन खटल्याचा उल्लेख सर्वत्र होतो, पण बहुधा अर्धाच. सार्वजनिक पाने वाचणे हा संगणक-घुसखोरीचा गुन्हा बहुधा होत नाही, असे नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२२ मध्ये म्हटले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मात्र खालच्या न्यायालयाने हायक्यूने वापरकर्ता-करार मोडल्याचा निष्कर्ष काढला आणि प्रकरण हायक्यूविरुद्ध पाच लाख डॉलरच्या निकालाने मिटले. घुसखोरी आणि करारभंग हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हा या खटल्याचा खरा धडा दिसतो. म्हणून वर दिलेल्या दोन मतांपैकी दुसरे जपून चालणाऱ्याला अधिक उपयोगी आहे. युरोपीय न्यायालयाचा २०२१ चा सीव्ही-ऑनलाइन लाटविया निवाडा तर थेट नोकरीच्या जाहिरातींचाच आहे. शोधयंत्राने जाहिराती उचलून मूळ पानाचे दुवे दिले होते. त्यामुळे मूळ संग्रहातील गुंतवणूक वसूल होण्यास धोका येतो का, हे तपासावे, असे न्यायालयाने सांगितले. युरोपात माहितीसंग्रह उभारणाऱ्याला त्या संग्रहावर स्वतंत्र हक्क मिळतो; भारतात असा हक्क नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ मात्र संगणकीय माहितीसंग्रहाला साहित्यकृतीत गणतो.

आता वेगाकडे. मंडळाला यादीची सहा पाने आणि प्रत्येकावरच्या वीस, अशा १२० जाहिराती हव्या आहेत. robots.txt धरून १२७ विनंत्या होतात. दोन विनंत्यांत दहा सेकंद ठेवल्यास काम साधारण एकवीस मिनिटांत होते, आणि ते रात्री चालले तर कोणाचे काही अडत नाही. तेच काम आठ धाग्यांनी, म्हणजे प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या आठ शाखांनी, एकाच वेळी केले आणि प्रत्येक उत्तराला अर्धा सेकंद लागला, तर सेकंदाला सोळा विनंत्या पडतात व सारे आठ सेकंदांत उरकते. मोठ्या संकेतस्थळाला हे जाणवणारही नाही. पण स्वस्त सामायिक सर्व्हरवर चालणाऱ्या स्थानिक संकेतस्थळावर प्रत्येक यादीपान डेटाबेसला नवा प्रश्न विचारते, आणि त्या आठ सेकंदांत अर्ज भरणाऱ्या मुलाला ‘सेवा उपलब्ध नाही’ सांगणारा 503 हा संकेतांक दिसू शकतो. दुसऱ्या आठवड्यापासून फक्त नवे दुवे उघडले की विनंत्या आणखी घटतात.

सर्व्हरवर ताण येत असल्याची खूण उत्तराच्या वेळेत दिसते. ०.४ सेकंदाचे उत्तर दोन सेकंदांवर गेले की अंतर दुप्पट करावे. ‘विनंत्या फार झाल्या’ सांगणारा 429 आल्यास थांबावे आणि सोबत किती वेळाने परत यावे हे सांगणारे `Retry-After` असल्यास तेवढा वेळ पाळावा. सर्वांत फसवी अवस्था म्हणजे सारे ठीक असल्याचा 200 येते, पण पानात कॅप्चा असतो व जाहिरातींची संख्या एकदम शून्य होते. ही अडवणूक आहे, जागा संपल्या असा तिचा अर्थ नाही. येथे आयपी पत्ता बदलून पुढे जाणे ही सीमारेषा होय, कारण नकार कळल्यानंतरचे ते कृत्य हेतूचा पुरावा ठरू शकते. त्यापेक्षा विनंतीसोबत प्रोग्रामची ओळख देणाऱ्या `User-Agent` मध्ये मंडळाचे नाव व ईमेल ठेवावा आणि मालकाला आधीच पत्र लिहावे.

लहान कारखान्यांच्या जाहिरातींत बरेचदा सुपरवायझरचा मोबाइल क्रमांक असतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये व्यक्तीने स्वतः जाहीर केलेल्या माहितीला सूट आहे. क्रमांक कंपनीने टाकला असेल तर ही सूट सरळ लागू होत नाही. यादीत क्रमांक न उतरवता मूळ दुवा देणे बरे.

जाहिरात शिळी होण्याचा प्रश्न कायद्यात येत नाही, पण नोकरी शोधणाऱ्याला तोच सर्वाधिक भोवतो. भरलेली जागा यादीत राहिली, तर मुलगा रजा टाकून, भाडे खर्चून बडोद्याहून हालोलला जातो आणि फाटकावरून परततो. पुष्कळ संकेतस्थळे जाहिरातीच्या पानात `validThrough` ही मुदत यंत्राला वाचता येईल अशी देतात. ती उलटली किंवा मूळ पान ‘सापडत नाही’ असा 404 देऊ लागले, की नोंद त्याच दिवशी काढावी.