कणगी सारवायच्या आधी बघा

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर भात साठवायची कणगी अजून काही घरांत दिसते. बांबूच्या कांब्यांची विणलेली, शेणामातीने सारवलेली, दगडांवर उचलून ठेवलेली. तिची नोंद करायला मी पहिल्यांदा गेलो तो उन्हाळ्यात. फोटो काढले, उंची-घेर मोजला आणि परतलो. ती नोंद जवळजवळ वाया गेली, कारण सारवणाखाली विणकाम झाकलेलं असतं.

पुढच्या वर्षी दिवाळीआधी गेलो, तेव्हा विणताना पाहिलं. उभ्या कांब्या मोजल्या, एकेचाळीस निघाल्या. हा आकडा योगायोगाने येत नाही. एकच आडवी पट्टी एका कांबीवरून, पुढच्या कांबीखालून अशी फिरत राहते. उभ्या कांब्या सम संख्येत असतील, तर दुसऱ्या फेऱ्यात पट्टी पुन्हा त्याच कांब्यांवरून जाते आणि वीण बसतच नाही. विषम असल्या की दर फेऱ्याला आपोआप उलटसुलट होते. विणणाऱ्या आजोबांनी कांब्या मोजल्या नव्हत्या. एका फेऱ्यानंतर पट्टी कुठे पडते ते बघून त्यांनी एक कांबी मधोमध चिरली, एवढंच.

मग आतून-बाहेरून सारवण. पहिला हात वाळून भेगा पडल्या की दुसरा. "ओल असताना भात भरलंस तर आतच कोंब येतील," आजी म्हणाल्या. भातही वाळलेलं हवं. मी एक सोपी चाचणी घेतो: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर भात आणि कोरडं मीठ घालून हलवायचं. मीठ काचेला चिकटलं, तर दाण्यात साधारण १५ टक्क्यांहून जास्त ओल आहे, म्हणजे अजून ऊन दाखवायला हवं.

किती भात मावतं, हे काढताना भिंतीची जाडी विसरू नका. या कणगीचा बाहेरचा घेर ३१४ सेंटिमीटर, म्हणजे व्यास १ मीटर. भिंत २ सेंटिमीटर जाड, म्हणून आतला व्यास ९६. भाताची उंची १२०. एक घनमीटर भात ५७५ किलो धरलं, तर सुमारे ५०० किलो होतं. भिंत न वजा करता ५४२ आलं असतं. घरचे पायलीत सांगतात, पण पायली गावागणिक बदलते. म्हणून त्यांचीच पायली, त्यांच्याच भाताने भरून तोलावी.

वर्षभराची नोंद मात्र काठीने होते. गिरणीला भात न्यायला घरचे कणगीचं तोंड उघडतील, त्याच दिवशी खुणा केलेली काठी लावून पातळी लिहायची. आपल्या सोयीने पावसाळ्यात उघडायला लावलं, तर दमट हवा आत जाते आणि आपण मोजायला आलेली गोष्टच बिघडते.

दोघांच्या त्या घरात पातळी महिन्याला ८ सेंटिमीटर उतरत होती. जूनमध्ये एकदम १९ उतरली. मी वहीत "गळती? उंदीर?" लिहिलं, तळ तपासला, पण भोक कुठेच नव्हतं. जादाचं भात सुमारे ४६ किलो भरत होतं. शेवटी आजींना विचारलं.

"लेकीकडे बियाणं गेलं," त्या म्हणाल्या, "सुगीला परत येईल."