मलपृष्ठावरचा बारकोड आणि किंमत: आयएसबीएनच्या अर्जापासून दुकानातल्या स्कॅनरपर्यंत

गेल्या वर्षी मावशीचा कवितासंग्रह आला. ती स्वतःच लेखिका आणि स्वतःच प्रकाशिका. तीनशे प्रतींतल्या वीस घेऊन मी इंदूरच्या खजुरी बाजारातल्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने पुस्तक उलटं करून स्कॅनर धरला. लाल रेघ बारकोडवर थरथरत राहिली, आवाज काही येईना. त्याने प्रत तिरकी केली, बोटाने मलपृष्ठ ताणलं आणि म्हणाला, "भैया, ये तो ले ही नहीं रहा."

पट्ट्या वाइन रंगाच्या होत्या आणि त्यांच्या मागचा कागद फिकट बदामी. मुखपृष्ठाशी रंग जुळावा म्हणून डिझाइन करणाऱ्याने तसं केलं होतं. डोळ्यांना फार छान दिसत होतं. पण काउंटरवरचा नेहमीचा स्कॅनर लाल प्रकाश टाकतो आणि तो कुठून परत येतो, कुठून येत नाही, एवढंच बघतो. लाल, नारिंगी, मरून छटांवरून तो प्रकाश जवळजवळ पांढऱ्या कागदावरून यावा तसा परत येतो. म्हणजे त्या यंत्राला तिथे पट्ट्याच दिसल्या नाहीत. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या आपल्याकडच्या लोकांवर अशी वेळ येऊ नये, म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

सुरुवात क्रमांकापासून. पुस्तकासाठी बारकोड वेगळा विकत घ्यावा लागत नाही. किराणा मालावर ८९० ने सुरू होणारा बारकोड असतो, तसा घ्या असं सांगणारे भेटतात, पण तो खर्च करू नका. पुस्तकाचा तेरा अंकी आयएसबीएन हाच बारकोडचा आकडा असतो. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था देते. ही केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालची संस्था आहे, अर्ज isbn.gov.in वर ऑनलाइन होतो आणि क्रमांकाला शुल्क नाही.

अर्ज प्रकाशकाला करता येतो, शिक्षणसंस्थेला करता येतो, आणि मावशीसारख्या स्वतःचं पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही. लेखकाने ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, पुस्तकाचं शीर्षकपान आणि त्यामागचं प्रताधिकाराचं पान तयार ठेवावं. संस्था असेल तर नोंदणीचा पुरावा लागतो. डायरी, दिनदर्शिका किंवा जाहिरातीची पुस्तिका असेल तर आयएसबीएन मिळत नाही. दिवाळी अंकासारख्या नियतकालिकांचा क्रमांक वेगळा, आयएसएसएन. कापडी बांधणीची आणि साध्या बांधणीची आवृत्ती दोन्ही काढणार असाल तर दोन क्रमांक घ्या. तेच पुस्तक जसंच्या तसं पुन्हा छापलं किंवा नुसती किंमत बदलली, तर जुनाच क्रमांक चालतो. अर्ज छपाईच्या बराच आधी करा, कारण क्रमांक हातात आल्याशिवाय मलपृष्ठ पूर्ण होत नाही.

किंमत बारकोडच्या आत असते असं अनेकांना वाटतं. ती तिथे नसते. त्या तेरा अंकांत फक्त पुस्तकाची ओळख आहे. दुकानाचा संगणक ती ओळख वाचून स्वतःच्या यादीतून किंमत काढतो. अमेरिकेतल्या पुस्तकांवर उजवीकडे पाच अंकांची आणखी एक छोटी पट्टी दिसते, तिच्यात डॉलरमधली किंमत असते. आपल्याकडे तिची गरज नाही. आपण किंमत माणसाला वाचता येईल अशी छापायची: किंमत ₹ २५०. ती बारकोडच्या पांढऱ्या चौकटीबाहेर असावी, असं माझं ठाम मत आहे. पुढे किंमत वाढली की दुकानदार त्यावर चिठ्ठी लावतो, आणि किंमत चौकटीत असेल तर ती चिठ्ठी नेमकी पट्ट्यांवर बसते.

आता जागा. बारकोडचं मूळ माप ३७.२९ मिमी रुंद आणि २५.९३ मिमी उंच आहे, त्यात खालचे अंकही आले. हे ऐंशी टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण ३० गुणिले २१ मिमीपर्यंत लहान करता येतं, पण जागा असेल तर करू नये. या रुंदीतच डावीकडची ३.६३ मिमी आणि उजवीकडची २.३१ मिमी कोरी जागा धरलेली आहे. पट्ट्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे यंत्राला या कोऱ्या जागेवरूनच कळतं. त्यात अक्षर, रेघ किंवा चित्राची कड शिरली की पट्ट्या कितीही स्वच्छ असोत, वाचन अडतं. चौकटीला बारीक काळी किनार द्यायची हौसही इथेच नडते.

मलपृष्ठावर बारकोड खाली उजव्या कोपऱ्यात घालतात. मराठी पुस्तक उलटं केलं की उजवीकडे कणा येतो. पुस्तक उघडावं म्हणून कण्यापासून सहा-आठ मिमीवर घडीची रेघ दाबलेली असते, तिच्यावर पट्ट्या आल्या तर त्या वाकतात. शिवाय शेवटच्या क्षणी पानांचे दोन फॉर्म वाढले आणि फाइलमधली कण्याची जाडी तीच ठेवली, तर मलपृष्ठ कण्याकडे सरकतं.

मावशीचं पुस्तक डेमी आकाराचं, मलपृष्ठ १४० गुणिले २१६ मिमी. दुसऱ्या छपाईला आम्ही ४४ गुणिले ३४ मिमीची कोरी पांढरी चौकट घेतली. कण्यापासून १२ मिमी आत, खालच्या कडेपासून १२ मिमी वर. चौकटीत वर हायफनसह ISBN ची ओळ, तिच्याखाली पूर्ण मापाचा बारकोड. किंमत चौकटीच्या डावीकडे, तिच्या तळाच्या रेषेत.

बारकोडची फाइल व्हेक्टर असावी, ईपीएस किंवा पीडीएफ. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेलं जेपीजी चित्र मोठं-छोटं केलं की पट्ट्यांच्या कडा पुसट होतात. काळा रंग एकाच शाईचा हवा:

```
C0 M0 Y0 K100
```

चारही शाया एकावर एक छापून काळा केला आणि एक प्लेट केसभर सरकली, तर प्रत्येक पट्टीला रंगीत सावली येते. ती साध्या डोळ्याला दिसत नाही, भिंगातून दिसते. जागा वाचवायला पट्ट्यांची उंचीही छाटू नका. उंची कमी झाली की पुस्तक थोडं तिरकं धरलं तरी स्कॅनरची रेघ पट्ट्यांबाहेर जाते.

फोनने वाचला म्हणून निर्धास्त होऊ नका. फोनचा कॅमेरा रंग ओळखतो. मावशीचा वाइन रंगाचा बारकोडही माझ्या फोनने लगेच वाचला होता. छापखान्यातून लॅमिनेशन झालेला एक नमुना मागून घ्या, बारकोड मोजपट्टीने मोजा, कोरी जागा सोडून पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत तो रुंदीला ३१ मिमीच्या खाली तर गेला नाही ना ते बघा, आणि ओळखीच्या दुकानात नेऊन काउंटरच्या स्कॅनरखाली धरा. पहिल्या प्रयत्नात आवाज आला, पडद्यावरचे तेरा अंक प्रताधिकाराच्या पानावरच्या अंकांशी जुळले, की बाकी प्रती छापायला सांगा.

आमच्या पहिल्या तीनशे प्रती छापून झाल्याच होत्या. त्यांच्यासाठी चमक नसलेल्या पांढऱ्या कागदावर बारकोडच्या ४४ गुणिले ३४ मिमीच्या चिकट चिठ्ठ्या छापून आणल्या. रामबागेतल्या घरी मावशी, मी आणि तिच्या दोन मैत्रिणी दुपारभर बसून होतो. मावशी प्रत्येक चिठ्ठी लावल्यावर अंगठ्याने मधून कडेकडे दाबत होती, कारण खाली हवेचा फुगा राहिला तर तिथल्या पट्ट्या वर उचलल्या जातात.