मिरकरवाड्याची बिले, खर्चाची हेड्स आणि शंकेच्या ओळी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एखाद्या ट्रॉलरमालकाची महिनाभराची बिले हिशेबनिसाच्या टेबलावर येतात, तेव्हा त्यांतल्या ओळी साधारण अशा असतात:

```
HSD 200 LTR
BARF 40 LADI
NET 40MM 6KG
DISEL FILTER
PP ROPE 12MM
NET RECHARGE 1 MTH
```

यांतली प्रत्येक ओळ कुठल्या तरी हेडला टाकायची असते. पहिली ओळ इंधनात जाईल, दुसरी बर्फाच्या खात्यात, फिल्टर इंजिन दुरुस्तीत. तिसऱ्या आणि शेवटच्या ओळीत ‘नेट’ आहे, पण एक मासेमारीच्या साहित्यात जाते आणि दुसरी फोन-इंटरनेटच्या खर्चात. सवयीच्या माणसाला हे एका नजरेत कळते. पण पंचवीस-तीस अशिलांची बिले महिन्याच्या शेवटी एकदम आली की याच कामात दिवस जातात. हेड सुचवणारा वर्गीकारक संगणकाला शिकवता येतो, आणि त्यासाठी फार मोठी यंत्रणाही लागत नाही. अवघड भाग पुढचा आहे: त्याच्या कोणत्या सूचनेवर विसंबायचे आणि कोणती ओळ माणसाकडे पाठवायची.

शिकवण्याचे साहित्य दफ्तरात आधीच पडलेले असते. मागच्या दोन-तीन वर्षांत ज्या ओळी माणसांनी हेडला टाकल्या, त्याच यंत्राचे धडे. त्या जशाच्या तशा मात्र द्यायच्या नाहीत. दोर कधी ‘मासेमारी साहित्य’मध्ये तर कधी ‘होडी दुरुस्ती’त गेलेला असतो, कारण त्या महिन्यात एंट्री करणारे माणूस वेगळे होते. अशा जोड्या शोधून आधी एक नियम ठरवावा लागतो. आणि ‘किरकोळ खर्च’ हे हेड धड्यांतून काढूनच टाकावे, असे माझे ठाम मत आहे. तिथे घाईत टाकलेले सगळे काही असते, एकमेकांशी नाते नसलेले. त्यातून यंत्र एवढेच शिकते की, ओळखता आले नाही की किरकोळ म्हणायचे. नेमकी त्याच ओळीसाठी तर माणसाची नजर हवी असते.

यंत्र शब्द वाचत नाही, तुकडे मोजते. DIESEL आणि DISEL हे पूर्ण शब्द म्हणून पाहिले तर त्यांच्यात काहीच नाते दिसत नाही. दोन-दोन अक्षरांचे तुकडे पाडले तर DISEL चे चार तुकडे होतात, DI, IS, SE आणि EL. त्यांतले तीन DIESEL मध्येही सापडतात. बंदरावरच्या दुकानांत मराठी शब्द रोमन अक्षरांत जो तो आपल्या परीने लिहितो, कुणी BARF तर कुणी BARAF. तिथे ही तुकड्यांची पद्धत शब्दकोशापेक्षा जास्त उपयोगी पडते. शिकताना प्रत्येक तुकड्याला प्रत्येक हेडसाठी एक वजन मिळते. तुकडे तीन-चार अक्षरांचेही घेतात: SEL दिसला की इंधनाचे पारडे थोडे जड होते, FILT दिसला की दुरुस्तीचे. नवी ओळ आली की तिच्यातल्या तुकड्यांच्या वजनांची बेरीज करायची, की झाले त्या हेडचे गुण.

`NET 40MM 6KG` ही ओळ घेऊ. समजा मासेमारी साहित्याला 2.0 गुण मिळाले, इमारत दुरुस्तीला 1.2 (खिडकीची जाळीही मिलिमीटरमध्येच मोजतात) आणि फोन-इंटरनेटला 0.5. हे गुण शक्यतांमध्ये बदलायला e, म्हणजे साधारण 2.718, या संख्येचा तितकावा घात काढतात आणि प्रत्येकाला एकूण बेरजेने भागतात. घात येतात 7.39, 3.32 आणि 1.65, बेरीज 12.36. म्हणजे मासेमारी साहित्य 0.60, इमारत 0.27, इंटरनेट 0.13. पहिला क्रमांक बरोबर आहे, पण खात्री फारशी नाही. आता ओळीबरोबर आणखी दोन गोष्टी दिल्या, विक्रेता कोण आणि अशिलाचा धंदा कोणता, तर चित्र पालटते. विक्रेता जाळ्यांचा दुकानदार आहे एवढ्याने मासेमारी साहित्याचे गुण 4.0 झाले, तर त्याचा घात 54.60 येतो आणि शक्यता 0.92 वर जाते. धंद्याची माहिती तर कोकणात हवीच. चाळीस लाद्या बर्फ ट्रॉलरसाठी मासे टिकवण्याचा खर्च आहे आणि गणपतीपुळ्याच्या हॉटेलसाठी खानपानाचा, आणि बिलावरची ओळ दोन्हीकडे तीच असते.

मग 0.92 पुरेसे का? या प्रश्नाचा गणिती पाया जुना आहे. यंत्राला अक्षरे ओळखायला लावण्याच्या काळात, 1970 साली, सी. के. चाऊ यांनी मांडले की यंत्राला ‘मी उत्तर देत नाही’ असे म्हणण्याची मुभा असावी, आणि ती कधी वापरायची हे चुकीची किंमत आणि नकाराची किंमत यांच्या तुलनेवरून ठरवावे. आपल्याकडे नकार म्हणजे ओळ माणसाकडे पाठवणे. समजा एक ओळ तपासायला लागणाऱ्या वेळाची किंमत 1 रुपया धरली, आणि चुकीच्या हेडला गेलेली ओळ नंतर शोधून दुरुस्त करण्याची 20 रुपये. शक्यता 0.92 असेल तर चुकण्याची शक्यता 0.08, म्हणजे सरासरी 1 रुपया 60 पैशांचा धोका. तपासणी त्याहून स्वस्त आहे, म्हणून ओळ माणसाकडे गेली पाहिजे. 0.95 ला दोन्ही बाजू सारख्या होतात. सीमारेषा तिथे.

पण ही रेषा सगळ्या हेड्सना एकच ठेवणे चूक आहे. इंजिनाचे सुटे भाग आणि नवे इंजिन यांच्या ओळींत अक्षरे बरीचशी तीच असतात. सुटे भाग हा त्या वर्षाचा खर्च. नवे इंजिन ही मालमत्ता, तिची किंमत घसाऱ्याच्या रूपाने वर्षानुवर्षे विभागली जाते. इथे गल्लत झाली तर नफा आणि कर दोन्ही चुकतात. या चुकीची किंमत 2000 रुपये धरली तर सीमारेषा 0.9995 वर जाते. अशी ओळ प्रत्यक्षात नेहमीच माणसाने पाहावी, गुण कितीही असोत. हा नियम यंत्राला शिकवत बसू नये, बाहेरून घालावा: इंजिन, जनरेटर, होडी यांच्या खुणा आणि मोठी रक्कम एकत्र दिसली की ओळ थेट तपासणीला.

हे सगळे गणित एका गृहीतावर उभे आहे. यंत्र 0.92 म्हणते तेव्हा अशा शंभर ओळींपैकी खरोखरच ब्याण्णव बरोबर असल्या पाहिजेत. हे आपोआप घडत नाही. ते तपासायला शिकवताना न वापरलेल्या ओळी घ्यायच्या आणि शक्यतेप्रमाणे त्यांचे गट पाडायचे. समजा सर्वात वरच्या गटात 400 ओळी आल्या आणि त्यांची सरासरी शक्यता 0.96 आहे. 384 बरोबर निघायला हव्यात. निघाल्या 352. म्हणजे यंत्र 96 टक्के खात्री सांगते आणि ठरते 88 टक्के. आधुनिक चेतापेशी-जाळ्यांमध्ये हा फाजील आत्मविश्वास चांगलाच आढळतो हे 2017 मध्ये एका गाजलेल्या शोधनिबंधाने दाखवले, आणि त्यावरचा उपायही अगदी साधा दिला: सगळ्या गुणांना एकाच संख्येने भागा, मग शक्यता काढा. आपल्या जाळ्याच्या ओळीतले 4.0, 1.2 आणि 0.5 हे गुण 2 ने भागले तर 0.92 चे 0.70 होते. पहिला क्रमांक बदलत नाही, फक्त ठामपणा उतरतो. भाजक किती घ्यायचा ते बाजूला ठेवलेल्या ओळींवरून ठरते.

त्या बाजूला ठेवलेल्या ओळी निवडतानाच बहुतेकांचा घोटाळा होतो. सगळ्या ओळी पिसून पाचवा हिस्सा परीक्षेसाठी ठेवला, तर तोच बर्फवाला आणि तीच `BARF 40 LADI` धड्यातही असते आणि प्रश्नपत्रिकेतही. अचूकता डोळे दिपवणारी येते, आणि पुढच्या महिन्यात नवा दुकानदार आला की कोसळते. परीक्षा काळाच्या क्रमाने घ्यावी: आधीच्या महिन्यांवर शिकवायचे, नंतरच्या महिन्यांवर तपासायचे. कोकणात याला आणखी एक कारण आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी नौकांना मासेमारीबंदी असते. या दोन महिन्यांत डिझेल आणि बर्फाच्या ओळी जवळपास आटतात, आणि किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांची कामे सुरू होतात. प्रायमर, रेझिन, प्लायवूड, पुट्टी, रंग, सुतारांची मजुरी. ऑक्टोबर ते मार्चच्या बिलांवर शिकलेल्या यंत्राने `EPOXY PRIMER 4L` ही ओळ फक्त हॉटेलच्या रंगकामात पाहिलेली असते, त्यामुळे ते ‘इमारत दुरुस्ती’ असे ठासून सांगते. ही ओळ शंकेच्या रांगेत येतच नाही. यंत्राला शंका वाटायला इमारत आणि होडी या दोन्ही शक्यता आधी माहीत असाव्या लागतात. म्हणून धड्यांत किमान एक पूर्ण वर्ष हवे, बंदीचे दोन महिने धरून.

रांगेत आलेली ओळ माणसाला कशी दाखवायची, यावरही बरेच अवलंबून आहे. एकच सूचना आणि शेजारी ‘मान्य’चे बटण ठेवले तर दुपारपर्यंत बोट आपोआप मान्यवर जाऊ लागते. त्यात तपासणाऱ्याचा दोष नाही, मांडणीच तशी आहे. त्यापेक्षा पहिली तीन हेड्स शक्यतेचे आकडे न देता दाखवावीत, सोबत बिलाचा फोटो, विक्रेत्याचे नाव आणि त्याच विक्रेत्याच्या मागच्या ओळी कुठे गेल्या ते. ‘ठरवता येत नाही, अशिलाला विचारा’ हे चौथे बटण हवेच. ताडपत्री जाळी झाकायला आणली की घर शाकारायला, हे बिलावरून कुणालाच सांगता येणार नाही. तिथे मालकाला फोन करणे हाच मार्ग.

माणसाने दुरुस्त केलेल्या ओळी पुन्हा धड्यांत जातात. मात्र फक्त रांगेतल्या ओळी परत दिल्या तर यंत्राला शंकास्पद ओळीच दिसत राहतात आणि एपॉक्सी प्रायमरसारखी ठाम चूक कायम राहते. म्हणून खात्रीने पुढे गेलेल्या ओळींमधूनही काही चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि त्यांवर सूचना झाकून माणसाला हेड विचारावे. समजा अशा 100 ओळींत 3 चुका सापडल्या. तीन टक्के चूक असे लगेच म्हणू नये, कारण एवढ्या नमुन्यावरून खरा आकडा एक टक्क्याहून कमीपासून साडेआठ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. महिन्यामागून महिने नमुने साठले की ही पट्टी अरुंद होते. पण जून लागला की जुने नमुने बाजूला ठेवून मोजणी नव्याने सुरू करावी आणि निदान पहिल्या पंधरवड्यात नमुना मोठा घ्यावा, कारण त्या दिवसांत रंगाची आणि लाकडाची बिले हॉटेलांकडूनही येतात आणि होड्यांकडूनही.